पेठेतली अभ्यासिका: पत्ता चालू आहे की फक्त बोर्ड उरलाय?

प्रश्न: परभणीहून नोकरीसाठी पुण्यात आलेय, शनिवार पेठेत खोली घेतलीय. संध्याकाळी बसून अभ्यास करायला वाचनालय किंवा अभ्यासिका हवीय. नेटवर पत्ते मिळतात, पण एका ठिकाणी गेले तर तिथे मोबाईलचं दुकान निघालं. जाण्याआधी खात्री कशी करायची?

उत्तर: पुस्तकं हवी असतील तर फार शोधायला नको. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं आहे आणि बुधवार पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं. दोन्ही तुमच्या खोलीपासून चालत जाण्यासारखी आहेत. इतक्या जुन्या संस्था सहजासहजी जागा सोडत नाहीत, त्यांच्या बाबतीत पत्त्यापेक्षा वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घेणं जास्त महत्त्वाचं. दुपारी एक ते चार पुणं काय करतं हे एव्हाना तुम्हाला कळलं असेलच.

घोळ होतो तो अभ्यासिकांच्या बाबतीत, आणि तुम्हाला हवीय तीच. अभ्यासिका साधारण दोन प्रकारच्या. एक खासगी: कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये किंवा जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, महिन्याच्या फीवर. यातल्या बऱ्याच जागा भाड्याच्या, करार अकरा महिन्यांचा. मालकाने इमारत रीडेव्हलपमेंटला दिली की अभ्यासिका शेजारच्या बोळात जाते, नाव तेच राहतं आणि मॅपवरची खूण जुन्या जागीच बसून राहते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलं गावी गेली तेव्हा बंद पडलेल्यांची नावंही कुठल्या कुठल्या यादीत अजून सापडतात. दुसरा प्रकार महापालिकेच्या अभ्यासिकांचा. त्या शाळेच्या, समाजमंदिराच्या किंवा व्यायामशाळेच्या इमारतीत एखाद्या मजल्यावर असतात. फी नाममात्र असते किंवा नसतेच, पण इमारतीची दुरुस्ती निघाली की गाशा गुंडाळावा लागतो.

पत्ता वाचण्याचीही एक गंमत आहे. पेठांमधले घर नंबर रस्त्याच्या ओळीने जातीलच असं नाही, त्यामुळे हातातला नंबर शेजारच्या दारावर नसला म्हणून पत्ता चुकीचा ठरत नाही. इथे चालतो तो पत्ता 'अमुक मारुतीसमोर', 'तमुक तालमीच्या बोळात' असाच. इमारत नवी झाली असेल तर वाड्याचं नाव जाऊन अपार्टमेंटचं नाव येतं, घर नंबर मात्र बहुतेक वेळा कागदोपत्री तोच राहतो. म्हणून विचारताना इमारतीचं नाव नको, घर नंबर आणि जवळची खूण सांगा. पिन कोडही बघा: शनिवार, नारायण, सदाशिव यांचा ४११०३०, बुधवारचा ४११००२. पेठ एक आणि पिन दुसऱ्याच पेठेचा असेल तर तो पत्ता कुणीतरी न बघता उतरवलाय असं समजा.

आता घरबसल्या काय करायचं ते एका उदाहरणावरून सांगतो. माझ्या मावसभावाला महापालिकेच्या एका अभ्यासिकेचा पत्ता मिळाला होता: शाळेची इमारत, पहिला मजला. सोबत लँडलाइन नंबर, पण सातच आकडी. पुण्यातले लँडलाइन नंबर वीसएक वर्षांपूर्वीच आठ आकडी झाले, म्हणजे ती यादी निदान तेवढी जुनी. अशा जुन्या नंबरच्या आधी बहुधा २ लावला की आजचा नंबर होतो. त्याने तसा लावून पाहिला, कुणी उचलला नाही. यावरून मात्र काहीच ठरवू नका, लँडलाइन कित्येकांनी काढून टाकल्यात आणि अभ्यासिका मजेत चालू आहेत.

मग त्याने मॅपवरचे अभिप्राय उघडले आणि `Newest` लावून वाचले. चांदण्या किती आहेत याला अर्थ नाही, शेवटचा अभिप्राय कधीचा आणि त्यात काय आहे ते बघायचं. 'पंखा बंद आहे', 'जागा धरून ठेवतात' अशी ताजी तक्रार म्हणजे अभ्यासिका जिवंत असल्याचा उत्तम पुरावा. त्याला दिसलेली सगळी वाक्यं जुनी होती आणि फोटोही जुनेच. रस्त्याचं चित्र दिसत असेल तर तेही बघा. गुगलने ही सोय पुण्यात २०२२ मध्ये आणली आणि चित्र कोणत्या महिन्याचं ते त्यावर लिहिलेलं असतं. अरुंद बोळात मात्र त्यांची गाडी शिरलेलीच नसते, तिथे हा उपाय संपला.

इथून पुढे पायी. पण थेट त्या इमारतीत नाही, आधी चौकातल्या पेपरवाल्याकडे. वाचनालय असो की वाचनकक्ष असलेली अभ्यासिका, रोज सकाळी तिथे चार-सहा पेपर जातातच, आणि गठ्ठा कुठे टाकतो नि कुठे बंद झाला हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत नसतं. मावसभावाला पेपरवाल्याने सांगितलं, "तिथं आता कुठं टाकतो पेपर! वर्ष झालं. कोठीत विचारा." कोठी म्हणजे महापालिकेची आरोग्य कोठी, झाडणकामाच्या हजेरीची जागा. परभणीत तिला दुसरं काही म्हणत असतील. तिथल्या मुकादमाला प्रभागातली पालिकेची प्रत्येक इमारत ठाऊक असते: कुठली दुरुस्तीला काढलीय, कुठल्या मजल्याची किल्ली कुणाकडे. त्याने तिथल्या तिथे सांगितलं की शाळेच्या छताचं काम निघालंय आणि मुलं दोन चौक पलीकडच्या समाजमंदिरात बसतात. वेळही बदललेली, सकाळऐवजी दुपारी तीनपासून. मॅपवर यातलं काहीही नव्हतं. कोठी सकाळी लवकर गाठा, उशिरा गेलात तर मुकादम भेटत नाही.

कोठीतही कळलं नाही तर क्षेत्रीय कार्यालय. महापालिकेची अशी पंधरा कार्यालयं आहेत. मुख्य इमारतीत चकरा मारण्यापेक्षा ज्या कार्यालयाच्या हद्दीत पत्ता येतो तिथे जा आणि समाजविकास विभाग विचारा. 'अभ्यासिका आहे का' असं विचारलंत तर 'आहे' एवढंच उत्तर मिळेल. 'आज किती वाजता उघडते आणि किल्ली कुणाकडे असते' असं विचारा. चालू अभ्यासिकेला किल्लीवाला माणूस असतोच, बंद पडलेलीचा कुणालाच आठवत नाही.

दारात पोचल्यावर बोर्डावर विश्वास ठेवू नका. शासनमान्य ग्रंथालयाची पाटी संस्था बंद पडल्यावरही वर्षानुवर्षं तशीच लटकत असते. बघायचं ते पाटीखालचं: टेबलावर आजचा पेपर आहे का, सूचना फलकावर या महिन्याचं काही लावलंय का, आणि जिन्यात चपला किती आहेत. खासगी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे देण्याआधी एक दिवस बसून बघू द्या म्हणा. चांगल्या जागा नाही म्हणत नाहीत. तेवढ्यात करार कधी संपतो आणि इमारत रीडेव्हलपमेंटला जायचीय का हेही विचारून टाका, नाहीतर फी भरल्यावर तुम्हालाच टेबल-खुर्चीसकट पुढच्या बोळात जावं लागेल. अनामत दिलीत तर पावती घ्या, आणि पावतीवरचा पत्ता तुम्ही उभ्या आहात त्याच जागेचा आहे ना, तो वाचूनच बाहेर पडा.