कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज: आधी पीपीओ उघडा

ताई, आपले यजमान केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक होते, म्हणून त्यांच्या निधनानंतर आपल्याला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सर्वप्रथम त्यांचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन आदेश, शोधावा आणि त्यात पत्नी म्हणून आपले नाव आहे का, हे पाहावे. नाव असल्यास बँकेत पुढील कागद पुरतात:

- मृत्यू प्रमाणपत्र आणि अर्ज
- पीपीओची प्रत
- आपले आधार, पॅन आणि वयाचा पुरावा
- जादा रक्कम जमा झाल्यास परत करण्याचे हमीपत्र

नाव नसेल, तर विवाहाच्या पुराव्यासह त्यांच्या जुन्या कार्यालयामार्फत जावे लागते. वारस दाखल्यासाठी मात्र आत्ताच न्यायालयात धावू नये. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नसून जोडीदाराचा स्वतंत्र हक्क आहे.

रकमेचे उदाहरण घेऊ. शेवटचे मूळ वेतन ६०,००० आणि निवृत्तिवेतन ३०,००० रुपये असून निधन ६४ व्या वर्षी झाले, तर वाढीव दराने ३०,००० रुपये मिळतात, परंतु सात वर्षे किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते ती तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवरच, म्हणजे येथे तीन वर्षे. नंतर ३० टक्के, अर्थात १८,००० रुपये. महागाई मदत वेगळी. ही घट पाहून अनेकजणी बँकेची चूक समजतात.

नेहमीची खरी चूक म्हणजे निधन न कळवता यजमानांचे निवृत्तिवेतन काढत राहणे. ती रक्कम बँक वसूल करते. पीपीओ व आधारवरील नावातला फरकही अर्जापूर्वीच दुरुस्त करावा.