75 टक्क्यांचं प्रमाणपत्र, 80 डीडी आणि बाबांचा पीपीओ

प्रश्न: इंदूरला नोकरी करतो, पगार वर्षाला साडेअकरा लाख. धाकटा भाऊ 29 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर 75 टक्के. बाबा पोस्टातून निवृत्त झाले होते, आता नाहीत. आईला फॅमिली पेन्शन मिळते. ऑफिसात म्हणतात, 80 डीडीत, म्हणजे घरातल्या अपंग माणसासाठीच्या आयकर वजावटीत, सव्वा लाख सुटतात. खरं का? बिलं कोणती जोडायची?

उत्तर:

सव्वा लाख नाही, पाऊण लाख. सव्वा लाख 80 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाला, 40 ते 80 च्या मधल्यांना 75,000. बौद्धिक अक्षमता मोजायच्या सरकारी पद्धतीत मध्यम प्रकाराला 75 टक्के लिहितात आणि त्याच्या पुढची पायरी थेट 90 ची आहे. त्यामुळे तुमच्या भावासारखी पुष्कळ मंडळी 80 च्या अलीकडेच राहतात. टक्के वाढवून मिळतात का म्हणून कुणाच्या मागे लागू नका.

पण त्याआधीची गोष्ट अशी की 80 डीडी फक्त जुन्या कर प्रणालीत आहे, आणि तुमच्या पगाराला जुनी प्रणाली तोट्याची आहे. 2025-26 चा हिशेब करून बघा. नव्या प्रणालीत साडेअकरा लाखांतून 75,000 प्रमाणित वजावट गेली की 10.75 लाख उरतात. 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला पूर्ण सवलत आहे, म्हणून कर शून्य. आता जुनी प्रणाली घ्या. 50,000 प्रमाणित, 80 सी चे दीड लाख, आरोग्य विम्याचे 25,000 आणि भावाचे 75,000 वजा केले तरी 8.5 लाख उरतात. त्यावर 82,500 कर आणि 4 टक्के उपकर, एकूण 85,800 रुपये. म्हणजे भावाची वजावट घ्यायच्या हौसेपायी 85,800 भरायचे! गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एकाने हेच केलं होतं, कारण ऑफिसला त्याने जुनी प्रणाली लिहून दिली होती. ऑफिसला काहीही सांगितलं असलं तरी पगारदार माणसाला रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. त्यानेही बदलली, आणि पैसे परत आले.

पुढे पगार वाढला तर पुन्हा हिशेब करा. 18 लाख पगाराला जुनी प्रणाली तेव्हाच परवडते, जेव्हा सगळ्या वजावटी मिळून सुमारे 6.92 लाखांच्या वर जातात. गृहकर्जाचं व्याज किंवा मोठं घरभाडं असल्याशिवाय तिथे पोचणं कठीण. जुनी निवडायचीच असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं, उशिराच्या रिटर्नला ती मिळत नाही.

बिलांचं म्हणाल तर 80 डीडीची रक्कम ठरलेली आहे. उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण यांवर खर्च झालेला असावा एवढंच. तो 20,000 झाला काय आणि दोन लाख झाला काय, वजावट तेवढीच. बिलं रिटर्नला जोडायची नसतात, विचारलं तर दाखवायला घरी ठेवायची. रिटर्नमध्ये भावाचा आधार किंवा पॅन, त्याच्याशी नातं आणि असेल तर यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, क्रमांक भरावा लागतो. फॉर्म 10-आयए मागतील अशी भीती कुणी घातली तर ऐकू नका. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगतेसाठी आहे. तुमच्या भावाला मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र पुरतं. फक्त त्यावर मुदत लिहिली आहे का ते बघा. मुदत ज्या आर्थिक वर्षात संपते, त्या वर्षापर्यंत वजावट चालते, पुढे नवीन प्रमाणपत्र लागतं.

बिलं खरी कामाला येतात ती निरामय योजनेत. नॅशनल ट्रस्टचा हा आरोग्य विमा बौद्धिक अक्षमतेलाही लागू आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच, वयाची अट नाही आणि आधी तपासणीही नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला 'बाबा पोस्टातून निवृत्त' हे वाटलं. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांत, कमावून पोट भरू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आईनंतर जन्मभर फॅमिली पेन्शन मिळते. वयाची 25 वर्षांची अट त्याला नाही. बाबांचा शेवटचा मूळ पगार 40,000 असेल तर साधारण दराने 30 टक्के, म्हणजे महिना 12,000 अधिक महागाई सवलत. वर्षाचे 1,44,000 मूळचेच झाले. 80 डीडीने 20 टक्क्यांच्या टप्प्यात वाचतात वर्षाला 15,600. कुठल्या कागदामागे आधी धावायचं ते यावरून ठरवा. भावाचं स्वतःचं उत्पन्न त्या पेन्शन आणि महागाई सवलतीच्या बेरजेपेक्षा कमी असावं, ही 2021 पासूनची अट.

आमच्या घरी हे कळलं ते फार उशिरा. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण बाबांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, त्याचं नावच नव्हतं. आई असेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. ती गेल्यावर कार्यालय म्हणे बँकेत जा, बँक म्हणे कार्यालयात जा. अकरा महिने असेच गेले. आई असताना तिच्या एका अर्जाने हे काम झालं असतं. तुमच्या आईने बाबा जिथून निवृत्त झाले त्या कार्यालयाला आत्ताच अर्ज द्यावा, की धाकट्याचं नाव पीपीओत घ्यावं. सोबत मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी, आधार, जन्मदाखला आणि पीपीओची प्रत. कमावता येत नाही हे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण नुसत्या टक्क्यांवर अडवतात.

दुसरा कागद पालकत्वाचा. भाऊ 18 पूर्ण झाल्यावर आई त्याची कायद्याने पालक उरत नाही, हे ऐकून आमची आई रडली होती. बौद्धिक अक्षमतेसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. कोर्टात जायची गरज नाही, आणि पेन्शनसाठी हे प्रमाणपत्र चालतं. इंदूरला सामाजिक न्याय विभागात याची चौकशी करा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पुष्कळ जण हे विसरतात. मी एक साधी वही केली आहे, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

आणि अर्ज देण्याआधी भावाचं नाव आधारवर, यूडीआयडीवर आणि बाबांच्या सेवेच्या कागदांत एकसारखं आहे ना, ते पडताळा. आमच्याकडे एका ठिकाणी पाळण्यातलं नाव होतं आणि दुसरीकडे शाळेतलं. अकरातले चार महिने त्यातच गेले.