ड्रॉवरचे डबे थ्रीडी प्रिंटरवर वेगवेगळ्या वेळी छापले तरी एकमेकांशेजारी बसावेत, यासाठी माप कसे धरावे?

प्रश्न: आज चार डबे छापले, पुढच्या महिन्यात आणखी छापीन. तेही शेजारी नीट बसतील असे डिझाइन कसे करू?

उत्तर: डब्याचे माप आधी ठरवू नका, चौकटीचे ठरवा. ग्रिडफिनिटी या खुल्या पद्धतीत चौकटीचे एक घर ४२ मिमीचे असते आणि एका घराचा डबा ४१.५ मिमीचा. हेच घ्या, म्हणजे इतरांनी केलेली डिझाइनेही चालतील.

ही ०.५ मिमीची मोकळीक मात्र प्रत्येक घरामागे नाही, पूर्ण डब्यातून एकदाच वजा करायची; n म्हणजे डबा जितकी घरे व्यापतो ती संख्या:

```
लांबी = 42 * n - 0.5
```

दोन घरांचा डबा म्हणून ८३.५ मिमी येतो. ४१.५ ची दुप्पट करून ८३ धरलेत तर तो सैल बसतो, आणि पाच घरांच्या डब्यात हा फरक २ मिमीवर जातो.

ड्रॉवरची आतली रुंदी ३०० मिमी असेल तर सात घरे म्हणजे २९४ मिमी. उरलेल्या ६ मिमीसाठी घर ताणू नका. दोन्ही बाजूंना ३ मिमीच्या पट्ट्या लावा.

एवढे करूनही डबा अडकला तर कॅलिपरने तळाशी आणि थोडे वर मोजा. फक्त तळच रुंद असेल तर पहिला थर दबून पसरला आहे: नोझल किंचित वर घ्या किंवा स्लायसरमधली `Elephant foot compensation` वाढवा. सगळीकडे सारखाच फरक दिसला तर प्लास्टिक बदलले होते का ते आठवा. एबीएस थंड होताना पीएलएपेक्षा जास्त आकसते, आणि लांब डब्यात ते लगेच जाणवते.