बाथरूमचा एक्झॉस्ट: आधी हातानं फिरवून पाहा

भाऊ, एक्झॉस्ट पंखा घरघरतो अन् मंद फिरतो म्हणून लगेच नवा कपॅसिटर आणू नका. घरघर सहसा त्याची नसते.

मेन स्विच बंद करून पंखा उतरवा. पाती साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, मोटरवर थेंबही नको. कापसाच्या दिवसांत आमच्याकडं पात्यांवर ओल्या धुळीचा जाड थर बसतो. तो सगळीकडे सारखा नसला की पंखा थरथरतो, अन् हवाही कमी ओढतो.

मग पातं बोटानं फिरवा. सैल फिरून हळूहळू थांबलं तर ठीक. खरखरलं, किंवा शाफ्ट आडवा हलवल्यावर खटखटला, तर बेअरिंग गेलं. बेअरिंग गोळ्यांचं नसून साधी धातूची नळी, म्हणजे बुश असेल तर मशीन ऑइलचे दोन थेंब काही दिवस निभावतात; सीलबंद बॉल बेअरिंगला तेलाचा उपयोग नाही, त्यावरचा नंबर पाहून तेच आणा.

माझा पंखा सैल फिरायचा, पण चालू केल्यावर नुसता गुणगुणायचा. काडीनं ढकलला की सुटायचा. तो कपॅसिटर. त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलं होतं, मीटरवर १.६ भरलं. तेवढ्याच आकड्याचा टाका, मोठ्यानं वाइंडिंग तापतं. काही लहान पंख्यांत कपॅसिटर नसतोच.

फक्त संध्याकाळीच मंद होत असेल तर आधी व्होल्टेज मोजा.