तेवढीच वाटी, पण घट्ट वरण

"मावशी, माझी मुलगी दीड वर्षाची आहे, वजन 8 किलो. अंगणवाडीताई म्हणतात, वजन कमी आहे. दिवसभरात दुधाच्या चार मोठ्या बाटल्या पिते, पण वरण-भाताचे चार घास झाले की तोंड मिटते. सासूबाई मोबाईल दाखवून, कधी हात धरून भरवतात. मग उलटी आणि रडारड. काय करू?
– एक आई, महाल, नागपूर"

बाळा, अंगणवाडीच्या तक्त्यावर दीड वर्षाच्या मुलींची खालची रेषा 8.1 किलोला आहे. लेक त्याच्या किंचित खाली आहे, म्हणून एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखव आणि हिमोग्लोबिनही तपासून घे. कारण मला सगळ्यात जास्त खटकलं ते दूध. चार मोठ्या बाटल्या म्हणजे जवळपास लिटरभर. दुधात लोह नगण्य, आणि पोट मात्र भरलेलं, त्यामुळे ताटापाशी तिला भूक नसतेच. दर दोन-तीन दिवसांनी एक बाटली कमी करत दूध 400 ते 500 मिलीवर आण. पेल्यातून दे, तेही जेवणानंतर.

चार घास खाते ना, मग चारच असू देत, त्यांचा कस वाढवू. कुकरमधली शिजलेली डाळ पाणी घालायच्या आधी तिच्यापुरती बाजूला काढ. अर्धी वाटी मऊ भात, त्यावर ते घट्ट वरण आणि छोटे दोन चमचे तूप. छोट्या चमचाभर तुपात साधारण 40 कॅलरी असतात, म्हणजे वाटी तेवढीच राहून 80 वाढल्या. या वयाला दिवसाकाठी हजारेक कॅलरी लागतात, तेव्हा दोन्ही वेळा मिळून ही भर मोठी आहे. सुरुवात अर्ध्या चमच्याने कर, एकदम वाढवलंस तर शी पातळ होते. मधल्या वेळी केळं कुस्करून त्यात दही आणि दाण्याचा अगदी बारीक कूट घाल. पहिल्यांदा कूट चिमूटभरच दे आणि अंगावर पुरळ येते का बघ. अख्खे दाणे मुळीच नको, श्वासनलिकेत अडकतात. संत्र्याचा रसही नको, पोट भरतो. साल-बिया काढून फोडींचे बारीक तुकडे दे.

आता सासूबाई. त्यांना भीती वाटते की नात उपाशी राहील, आणि ती भीती खरी आहे. त्यांना सांग, "आई, काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवू, किती खायचं ते तिला ठरवू द्या." हात धरून भरवलं की पोर चमचा दिसताच तोंड फिरवायला शिकते. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाऊ, आणि त्यामध्ये फक्त पाणी. मोबाईल बाजूला ठेवून सगळ्यांसोबत बसव. 20-25 मिनिटांनी ताट गुपचूप उचल. पहिल्या आठवड्यात ती कमीही खाईल. तेव्हा घाबरून अर्ध्या तासाने बाटली दिलीस, तर ती बाटलीचीच वाट बघेल.

वजन महिन्यातून एकदा, अंगणवाडीच्या त्याच काट्यावर कर, रोज नको. दोन महिने काटा हलला नाही किंवा खाली आला तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. सारख्या उलट्या, न थांबणारे जुलाब, गिळताना ठसका किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली तर त्याच दिवशी ने.