उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलदारांना अर्ज

प्रश्न: वडील शेतकरी आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला हवाय. अर्जात काय लिहू, सोबत काय जोडू?

अर्ज वडिलांच्या नावाने करा, कारण दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. मजकूर एवढा पुरे:

प्रति, मा. तहसीलदार, (तालुका, जिल्हा)
विषय : उत्पन्नाचा दाखला मिळणेबाबत.
महोदय, मी (नाव), रा. (गाव). माझ्या कुटुंबाचे सन 2024-25 चे सर्व मार्गांनी मिळून उत्पन्न रु. 84,000/- आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी एक वर्षाचा दाखला मिळावा, ही विनंती.
सोबत : 1) तलाठ्यांचा उत्पन्न अहवाल 2) सातबारा व 8अ 3) आधार कार्ड 4) रेशन कार्ड 5) स्वयंघोषणापत्र 6) फोटो
आपला विश्वासू, (सही)

आधी तलाठ्यांकडे जा. अर्जातला आणि घोषणापत्रातला आकडा त्यांच्या अहवालाशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे. अर्ज परत येतो तो बहुतेक इथेच. शेतीचे 60,000 आणि आईच्या शिलाईचे 24,000 असतील, तर तिन्हीकडे 84,000 दिसले पाहिजेत. नुसती शेती दाखवू नका. आधार आणि रेशन कार्डावर नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असेल तर ते आधी दुरुस्त करा.

वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च. नॉन-क्रिमीलेअरही काढायचे असेल तर एकाऐवजी तीन वर्षांचा दाखला मागा आणि प्रत्येक वर्षाचा आकडा वेगळा लिहा. सेतू केंद्रात अर्ज दिल्यावर पावती घ्यायला विसरू नका, पुढची चौकशी तिच्यावरच्या क्रमांकाने होते.