नवीन माणसाचं ऑफिस मेल: पहिल्या दिवशी हातात द्यायचा कागद

"जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत ऑफिस बघते. मेल आमच्या डोमेनचं आहे, होस्टिंगवाल्याकडून घेतलेलं. नवीन माणूस आला की लॅपटॉप आणि मोबाईलवर मेल चालू करण्यातच अर्धा दिवस जातो. त्याला देता येईल अशी एक पानाची चेकलिस्ट सांगता का कुणी?"

ताई, कागदावर काय लिहिलंय त्यापेक्षा कुठल्या क्रमाने लिहिलंय ते महत्त्वाचं, कारण निम्मे घोळ क्रम चुकल्याने होतात.

सगळ्यात वर तुम्ही स्वतः भरायचा भाग. तो माणूस यायच्या आधीच भरून ठेवायचा, पासवर्ड मात्र त्यावर लिहायचा नाही, तो तोंडी द्या.

```
Username: name@example.com
Incoming (IMAP): mail.example.com  993  SSL/TLS
Outgoing (SMTP): mail.example.com  465  SSL/TLS
```

सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्याने दिलंय तेच टाका. युजरनेम म्हणजे पूर्ण पत्ता, नुसतं नाव टाकलं की लॉगिन होत नाही आणि माणूस पासवर्डला दोष देत बसतो. ४६५ चालत नसेल तर ५८७ टाकून STARTTLS निवडायचं.

आता पहिली पायरी, आणि इथेच सगळे घाई करतात. आधी लॅपटॉपच्या ब्राउझरमधे वेबमेल उघडून तात्पुरता पासवर्ड बदलायचा, मगच बाकीचं. उलटं केलं तर काय होतं सांगतो. एका ऑफिसात नवीन डिस्पॅचवाल्याने आधी मोबाईलवर मेल टाकलं, दुपारी लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलला आणि मोबाईल गेला विसरून. मोबाईल बिचारा खिशातनं जुनाच पासवर्ड घेऊन दर थोड्या वेळाने सर्व्हरचं दार वाजवतोय, सर्व्हरला वाटलं कुणीतरी घुसायला बघतंय, त्याने त्या ऑफिसचा आयपीच ब्लॉक केला, आणि अकाउंट्सपासून मालकापर्यंत सगळ्यांचं मेल एकदम बंद! सगळे म्हणे नेट गेलं, पण बाकी साइट्स तर उघडत होत्या. ओळखायची खूण सोपी आहे भो, ऑफिसच्या वायफायवर कुणाचंच मेल उघडत नाही पण मोबाईल डेटावर उघडतं, म्हणजे ब्लॉक झालाय. आधी तो मोबाईल शोधून त्यात नवीन पासवर्ड टाका आणि मग होस्टिंगवाल्याला आयपी मोकळा करायला सांगा, नाहीतर परत ब्लॉक होणार.

दुसरी पायरी लॅपटॉप. आउटलुक असो की थंडरबर्ड, IMAP च निवडायचं, कागदावर त्याला गोल करून ठेवा. POP निवडलं की मेल लॅपटॉपवर उतरतं आणि सेटिंगप्रमाणे लगेच नाहीतर काही दिवसांनी सर्व्हरवरून निघून जातं, पाठवलेली मेलं तर लॅपटॉपवरच राहतात. मग पार्टीचा फोन येतो, माणूस बाहेर गोडाऊनवर, मोबाईलमधे ती ऑर्डर दिसतच नाही. सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर डोळे झाकून "हो" दाबायचं नाही, आधी लॅपटॉपची तारीख-वेळ बघायची, ती बरोबर असेल तर सर्व्हरच्या नावाचं स्पेलिंग बघायचं, आणि तेही बरोबर असेल तर होस्टिंगवाल्याला विचारायचं.

तिसरी पायरी मोबाईल. अँड्रॉइडवर जीमेल ॲपमधेच अकाउंट वाढवायचं, Other निवडून पत्ता टाकायचा, पुढे IMAP घ्यायचं, बाकी वरच्या चौकटीतलं जसंच्या तसं.

शेवटी तपासणी, कारण "मेल आलं" म्हणजे झालं असं नसतं. येणारं आणि जाणारं मेल ही दोन वेगळी दारं आहेत, एक उघडं आणि दुसरं बंद असं नेहमी होतं. मेल येतंय पण जात नाही, Outbox मधे अडकून बसलंय, असं असेल तर आउटगोइंगला लॉगिन लागतं ती खूण राहिली असेल किंवा पोर्ट चुकला असेल. म्हणून कागदावर या चार ओळींपुढे टिक करायच्या चौकटी ठेवा:

- लॅपटॉपवरून स्वतःच्या खाजगी जीमेलवर मेल पाठवलं, पोचलं (स्पॅमपण बघा)
- तिकडून उत्तर दिलं, ते लॅपटॉप आणि मोबाईल दोन्हीकडे आलं
- लॅपटॉपवरून पाठवलेलं मोबाईलच्या Sent मधे दिसलं
- मोबाईलचं वायफाय बंद करून, नुसत्या डेटावर एक मेल पाठवलं

तिसरी ओळ कुणी करत नाही, पण POP चुकून झालंय का ते तिथेच कळतं. IMAP असूनही दिसलं नाही तर लॅपटॉपने Sent च्या शेजारी Sent Items म्हणून वेगळं फोल्डर बनवलंय का बघा, मेल बऱ्याचदा तिथे सापडतं.

पुढेमागे तुम्ही गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या कंपनी मेलवर गेलात तर पोर्टची चौकट सहसा लागत नाही, पत्ता टाकला की त्यांचंच लॉगिन पान उघडतं. तिथे मोबाईलवर कंपनीला फोनमधला डेटा पुसायची परवानगी मागितली जाऊ शकते, तर फोन माणसाचा स्वतःचा असेल तर ते त्याला आधी सांगा आणि त्याचं नाव टाकून सही घ्या.